व्हिडिओचे आयपी शोधत बसू नका, ऑफिसचे तीन पत्ते लिहा

प्रश्न: सर, बेळगावच्या उद्यमबागेत आमचं फाउंड्रीचं छोटं ऑफिस आहे. बारा लोक घरून काम करतात, कोण खानापूर, कोण निपाणी, कोण इथंच टिळकवाडीत. ऑफिसात जुन्या पीसीवर उबुंटू टाकून वायरगार्ड चालवलंय, लाईन ५० एमबीपीएसची. दुपारनंतर टॅलीचा रिमोट डेस्कटॉप अडकत अडकत चालतो, बघितलं तर निम्मे जण व्हीपीएन चालू ठेवून व्हिडिओ बघतात. व्हिडिओ बंद करा म्हणून किती सांगणार. यूट्यूब आणि बाकीच्यांचे आयपी कुठं मिळतील, ते व्हीपीएनच्या बाहेर काढायचे आहेत. ऑफिसचा नेटवर्क 192.168.1.x आहे, काही जणांच्या घरीपण तोच आहे, त्याने काही अडतं का?

उत्तर:

आयपी शोधायच्या नादाला लागू नका. मी लागलेलो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, तेव्हा एका कंपनीचं नेटवर्क बघत होतो आणि डोक्यात हेच आलेलं की व्हिडिओवाल्यांचे पत्ते गोळा करायचे आणि तेवढे टनेलच्या बाहेर सोडायचे. गुगलच्या नावावरचे मोठमोठे पट्टे काढून टाकले, संध्याकाळपर्यंत जरा बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी परत तेच रडगाणं. कारण काय तर यूट्यूबचा व्हिडिओ दरवेळी गुगलच्या पत्त्यावरून येतच नाही. बऱ्याच नेट कंपन्यांच्या आतच गुगलची कॅश मशीन ठेवलेली असतात, त्यांचे पत्ते त्या नेट कंपनीच्या पट्ट्यातले असतात, तुमच्या यादीत ते कुठून येणार? आणि उलटीकडून बघा, गुगलचा जो पट्टा तुम्ही बाहेर काढता त्याच्यावर जीमेल आणि ड्राइव्हपण बसलेलं असतं, म्हणजे जे काढायचं ते राहतं आणि जे नव्हतं काढायचं ते निघून जातं. आठवडाभर रोज सकाळी यादीत चार ओळी वाढवत होतो, शेवटी यादीच फेकून दिली.

म्हणून उलटं करा. जगात व्हिडिओचे पत्ते किती आहेत ते कुणालाच धड माहीत नाही, पण तुमच्या ऑफिसात लोकांना लागतं काय? टॅलीचा सर्व्हर, फायली ठेवायचा एनएएस, बस्स. हे दोन पत्ते तुम्हाला तोंडपाठ आहेत आणि ते बदलत नाहीत. तेवढेच टनेलमध्ये घाला, बाकी सगळं आपोआप घरच्या नेटवरून सरळ बाहेर जातं, व्हिडिओ, विंडोजचे अपडेट, फोटोंचा बॅकअप, सगळं. यालाच स्प्लिट करणं म्हणतात.

आधी सध्या काय होतंय ते एकदा डोळ्यासमोर आणा म्हणजे पुढचं सोपं जाईल. तुमच्या लोकांच्या फाईलमध्ये आत्ता `AllowedIPs = 0.0.0.0/0` असणार, त्याचा अर्थ कुठलाही पत्ता असू दे, टनेलमध्ये घाल. खानापुरातला माणूस व्हिडिओ लावतो तेव्हा तो व्हिडिओ इंटरनेटवरून आधी तुमच्या उद्यमबागेच्या लाईनवर उतरतो आणि मग त्याच लाईनवरून परत वर चढून खानापूरला जातो. एचडी व्हिडिओ धरा साधारण ५ एमबीपीएस. सहा जण बघत असतील तर ३० एमबीपीएस उतरताना आणि ३० एमबीपीएस चढताना, दोन्ही बाजूंनी. तुमचे ५० दोन्हीकडे पूर्ण मिळतात असं धरलं तरी उरले २०, आणि व्हिडिओ काही एका लयीत येत नाही, तो थोडा वेळ गप बसतो मग एकदम मोठा तुकडा ओढतो. त्या क्षणाला राउटरमध्ये रांग लागते आणि टॅलीत दाबलेली एक की त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. रिमोट डेस्कटॉपला स्पीड फार लागत नाही, त्याला वेळेवर पोचणं लागतं, म्हणून स्पीड टेस्ट केली की आकडा बरा दिसतो आणि टॅली मात्र लटकतं. लाईन १०० ची घेतलीत तरी चार महिन्यांनी हीच बोंब असणार.

एक गंमत सांगतो, तुमच्यातल्या एखाद्याचा व्हिडिओ कदाचित आधीच बाहेरून जात असेल. `0.0.0.0/0` हा फक्त जुन्या आयपी व्ही-४ पत्त्यांसाठी आहे, व्ही-६ साठी `::/0` वेगळं लिहावं लागतं. कुणी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल तर तिथं व्ही-६ बहुतेक असतंच, यूट्यूब व्ही-६ वर चालतं, आणि विंडोजच्या वायरगार्डमध्ये `Block untunneled traffic` ची टिक काढलेली असली की त्याचा व्हिडिओ टनेलला न विचारताच निघून जातो. तेव्हा अमक्याचं कसं मस्त चालतंय आणि माझंच का अडतंय, असं कोण भांडत असेल तर तो खोटं बोलत नसेल.

आता तुमचा खरा पेच, 192.168.1.x दोन्हीकडे असणं. होय, अडतं. आणि गंमत म्हणजे हे आत्तापण अडत असणार, तुम्ही ज्यांच्या घरी तोच नेटवर्क आहे त्यांना विचारून बघा, त्यांना घरच्या वायफायवर सर्व्हर सापडतच नाही अशी तक्रार असेल. कॉम्प्युटर कुठला पत्ता कुठून पाठवायचा हे ठरवताना सगळ्यात नेमकी वाट निवडतो. `0.0.0.0/0` ही सगळ्यात ढोबळ वाट. घरचा `192.168.1.0/24` त्याच्यापेक्षा नेमका. म्हणून 192.168.1.10 ला जायचं म्हटलं की लॅपटॉपला वाटतं ते मशीन याच घरात आहे, तो घरातच हाका मारत बसतो, उद्यमबागेपर्यंत काही जातच नाही. स्प्लिट करताना लोक काय करतात तर `AllowedIPs` मध्ये `192.168.1.0/24` लिहितात, मग दोन्ही वाटा सारख्याच नेमक्या, आणि कोण जिंकणार ते मेट्रिकवर, म्हणजे विंडोज प्रत्येक वाटेला जो पसंतीचा आकडा देतो त्याच्यावर. आज टॅली चालतं आणि घरचा प्रिंटर जातो, उद्या वायफाय बदललं की प्रिंटर येतो आणि टॅली जातं. असलं घोळदार फॉल्ट शोधण्यात अख्खा दिवस जातो.

पुस्तकात याला उपाय लिहिलाय की ऑफिसचा नेटवर्क बदला, 192.168.47.x असं कुणाकडे नसणारं काहीतरी घ्या. बरोबर आहे, नवीन ऑफिस असतं तर मीपण तेच सांगितलं असतं. पण फाउंड्रीत हजेरीचं मशीन, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, प्रिंटर, वजनकाट्याचा पीसी, सगळ्यांत हाताने पत्ते टाकलेले असतात आणि ते कुणी टाकले ते कुणाला आठवत नाही. एका रविवारी बदलून टाकू म्हणाल आणि सोमवारी हजेरी लागत नाही म्हणून गेटवर रांग. त्यापेक्षा अख्खा पट्टा न घालता एकेक मशीन घाला, `/32` लावून. `/32` म्हणजे एकच पत्ता, त्यापेक्षा नेमकं काही नसतं, त्यामुळे घरचा नेटवर्क 192.168.1.x असला तरी 192.168.1.10 ची वाट टनेलमधूनच जाणार आणि घरचा राउटर, प्रिंटर जागच्या जागी राहणार.

समजा टॅलीचा सर्व्हर .10 वर आहे, एनएएस .11 वर आणि उबुंटूच्या पेटीचा टनेलमधला पत्ता 10.66.0.1. तर एका माणसाची फाईल अशी होईल, किल्ल्या आणि बाहेरचा पत्ता तुमचा:

```
[Interface]
PrivateKey = (त्याची आधीचीच)
Address = 10.66.0.7/32

[Peer]
PublicKey = (सर्व्हरची आधीचीच)
Endpoint = 203.0.113.10:51820
AllowedIPs = 10.66.0.1/32, 192.168.1.10/32, 192.168.1.11/32
PersistentKeepalive = 25
```

यात 10.66.0.1 कशाला घातलाय असं वाटेल. ही ओळ दोन कामं करते, कुठं पाठवायचं ते सांगते आणि टनेलमधून आलेलं कुणाचं ऐकायचं तेपण सांगते. तो पत्ता नसेल तर पेटीकडून येणारं उत्तर तुमचा लॅपटॉप टाकून देतो, मग खाली सांगितलेली तपासणी करताना नुसत्या चांदण्या दिसतात आणि तुम्ही उगाच घाबरता.

सर्व्हरवरच्या फाईलमध्ये पण प्रत्येक माणसाखाली `AllowedIPs` असते, ती `10.66.0.7/32` अशी. तिला हात लावू नका. तिथं तिचा अर्थ हा माणूस कुठल्या पत्त्यावरून बोलू शकतो आणि कुठल्या पत्त्याचं त्याच्याकडे पाठवायचं. दोन्हीकडे तीच ओळ कॉपी करणारे मी बघितलेत, मग सर्व्हर म्हणतो 192.168.1.10 हा माणूस निपाणीत आहे आणि ऑफिसातलाच सर्व्हर पेटीला दिसेनासा होतो.

`DNS =` ची ओळ वरच्या फाईलमध्ये नाहीये, ती विसरून राहिलेली नाही, मुद्दाम काढलीय. ती ठेवलीत तर पत्ता विचारायला लॅपटॉप ऑफिसकडेच जातो, व्हिडिओ बाहेरून आला तरी नाव विचारायला उद्यमबागेला फेरी, आणि तिथून मिळणारं उत्तर ऑफिसच्या नेट कंपनीच्या सोयीचं असतं, घरच्याच्या नाही. तुमचं ऑफिस आणि माणसं याच जिल्ह्यात आहेत म्हणून फार फरक कळणार नाही, पण टनेलचं दुसरं टोक मुंबईच्या नाहीतर सिंगापूरच्या क्लाउडवर असलं की व्हिडिओ तिकडच्या कॅशमधून यायला लागतो आणि मग म्हणतात स्प्लिट करून काय उपयोग झाला नाही. शिवाय कोण काय बघतं त्या साईटची नावं ऑफिसच्या पेटीवर जमा होत राहतात, ती तुम्हाला कशाला हवीत?

ओळ काढली की एक गोष्ट मोडते, ती आधीच सांगून ठेवतो. लोकांच्या डेस्कटॉपवर रिमोटचा जो शॉर्टकट आहे त्यात सर्व्हरचं नाव लिहिलेलं असेल, `tally-srv` असलं काहीतरी, ते नाव आता कुणाला कळणार नाही. शॉर्टकटमध्ये सरळ 192.168.1.10 लिहा, नाहीतर `C:\Windows\System32\drivers\etc\hosts` फाईल नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडून तिच्यात एक ओळ घाला:

```
192.168.1.10   tally-srv
```

बारा माणसांसाठी हे पुरतं. डोमेन कंट्रोलर वगैरे मोठा पसारा असता तर विंडोजमध्ये ठरावीक नावं तेवढी ऑफिसच्या डीएनएसला विचार असा नियम लावता येतो, पण तुम्हाला त्याची गरज नाही, उगाच काम वाढवू नका.

आता ज्याच्यावर लोक हमखास आपटतात ती जागा. तुमच्याकडे एखादं गिऱ्हाईक असेल, मोठी गाडीवाली नाहीतर पंपवाली कंपनी, जिचं ऑर्डरचं पोर्टल फक्त तुमच्या ऑफिसच्या स्टॅटिक आयपीवरूनच उघडतं. आत्ता सगळं ऑफिसमधून जातंय म्हणून घरूनपण ते उघडतं, आणि कुणाच्या लक्षातच नाही की ते का उघडतं. स्प्लिट केल्यावर माणूस त्याच्या घरच्या पत्त्यावरून जाणार आणि पोर्टल त्याला दारातूनच हाकलणार. तुम्हाला फोन येईल, व्हीपीएन मोडलं म्हणून, आणि तुम्ही बघाल तर टॅली मस्त चालू. म्हणून बदल करायच्या आधी अकाउंट आणि डिस्पॅचवाल्यांना विचारा, असलं कुठलं पोर्टल, बँकेचं काही, घरून व्हीपीएन नसताना उघडत नाही का? विचारून कळत नसेल तर एकाला व्हीपीएन बंद करून दिवसभराची सगळी साईट उघडून बघायला सांगा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

सापडलं की `nslookup` करून त्याचा पत्ता बघा आणि तो `/32` करून त्याच ओळीत जोडा. नाव लिहून चालत नाही, `AllowedIPs` मध्ये फक्त पत्तेच लागतात. आज, उद्या आणि परवा असं तीनदा बघा, पत्ता तोच राहिला तर ठीक. दरवेळी वेगळा येत असेल तर ते पोर्टल कुठल्यातरी सीडीएनच्या, म्हणजे एकच साईट बऱ्याच पत्त्यांवरून देणाऱ्या सेवेच्या मागे आहे आणि तुम्ही परत माझ्यासारखे यादी वाढवत बसणार. मग सोपं म्हणजे त्या माणसाने ते पोर्टल टॅलीच्या रिमोट डेस्कटॉपमधल्या ब्राउझरमध्ये उघडावं, तो ब्राउझर ऑफिसातच आहे की, बाहेर ऑफिसच्याच पत्त्यावरून जातो. जरा ओबडधोबड आहे पण चालतं.

करायला घेताना सगळ्यांचं एकदम करू नका. दोघांचं करा, एक ज्याच्या घरी 192.168.1.x आहे आणि एक ज्याच्या घरी नाही. जुनं टनेल पुसू नका, त्याचं नाव `office-full` ठेवा आणि नवीन `office-split` नावाने घाला, नाव इंग्रजी अक्षरातच घ्या, देवनागरी तो घेत नाही. एका वेळी एकच चालू ठेवा, दोघांची किल्ली तीच आहे. काही बिनसलं तर त्या माणसाला फोनवर एवढंच सांगायचं, हे बंद कर ते चालू कर, आणि त्याचं काम आधी चालत होतं तसं चालतं.

मग तपासा. त्याच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
tracert -d 192.168.1.10
tracert -d 8.8.8.8
```

पहिल्यात पहिली ओळ 10.66.0.1 आली पाहिजे. पुढच्या ओळीला चांदण्या आल्या तर येऊ देत, सर्व्हरचा फायरवॉल उत्तर देत नसेल, पहिली ओळ बरोबर आहे म्हणजे वाट बरोबर आहे. दुसऱ्यात पहिली ओळ त्याच्या घरच्या राउटरची, 192.168.1.1 किंवा जे काय असेल ते. तिथंपण 10.66.0.1 दिसलं तर फाईल सेव्ह झालेली नाही किंवा जुनंच टनेल चालू आहे.

मला स्वतःला याहून जास्त भरवसा दुसऱ्या गोष्टीवर वाटतो. वायरगार्डच्या खिडकीत खाली ट्रान्सफरचा आकडा असतो, किती आलं किती गेलं. रिमोट डेस्कटॉप बंद करा, आकडा लिहून घ्या, दोन मिनिटं एचडी व्हिडिओ चालवा, परत बघा. ५ एमबीपीएसने दोन मिनिटं म्हणजे ७५ एमबीच्या आसपास. आकडा ७० एमबीने उडाला तर व्हिडिओ अजून तुमच्या ऑफिसमधून फिरतोय, चार-दोन केबीने हलला तर काम झालं. हाच आकडा तुम्हाला सर्व्हरवर सगळ्यांचा एकदम दिसतो, `sudo wg show` मारलं की प्रत्येकाखाली येतो, संध्याकाळी पाच वाजता एकदा बघा, कोणाचा आकडा जीबीत आहे ते लगेच कळतं. मी एका ठिकाणी बघितलं तर ज्याच्यावर व्हिडिओचा संशय होता तो बिचारा निर्दोष, त्याच्या लॅपटॉपवर घरच्यांच्या लग्नाचे फोटो क्लाउडवर चढत होते, दिवसभर, ऑफिसच्या लाईनवरून.

निपाणीच्या एका पोराचं एकदा काही केल्या होईना, बाकी सगळ्यांचं झालं. हँडशेक होतोय, वाट बरोबर दिसतेय, पण रिमोट लावला की आधीच कन्सोल सेशन चालू आहे असला काहीतरी मेसेज. अर्धा तास गेला. शेवटी `ipconfig` बघितलं तर त्याच्या घरच्या राउटरने त्याच्याच लॅपटॉपला 192.168.1.10 दिलेला! म्हणजे तो सर्व्हरला जोडायला बघतोय आणि जोडला जातोय स्वतःलाच, स्वतःच्या पत्त्यापुढे `/32` ची वाटपण चालत नाही. घरच्या राउटरमध्ये जाऊन पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीची सुरुवात .100 पासून केली, वायफाय तोडून जोडलं, झालं. घरच्या दुसऱ्या कुणाच्या फोनला .10 मिळाला तर काही बिघडत नाही, फक्त या लॅपटॉपला तो फोन दिसणार नाही, त्याचं कुणाला काय.

फोनवर कोण व्हीपीएन वापरत असेल तर अँड्रॉइडच्या वायरगार्डमध्ये ॲप निवडता येतात, रिमोट डेस्कटॉपचं ॲप तेवढंच टनेलमध्ये घाला. विंडोजच्या अधिकृत वायरगार्डमध्ये तसं ॲपनुसार नाही, तिथं पत्त्यांवरच सगळं. आणि घरातल्या टीव्हीचा इथं संबंधच नाही, व्हीपीएन लॅपटॉपवर आहे, टीव्ही कधीच टनेलमध्ये नव्हता, तो अडकत असेल तर ती घरच्या नेटची तक्रार.

मालक एक गोष्ट नक्की विचारतील, सगळं ऑफिसमधून जात होतं ते सेफ होतं ना, आता लोक उघड्यावर जाणार का? खरं सांगायचं तर तुमच्याकडे त्यातून मिळत काहीच नव्हतं. ऑफिसच्या पेटीवर साईट गाळणारा फायरवॉल असता, लॉग बघणारा माणूस असता, तर सगळं तिथून नेण्याला अर्थ होता. तुमची पेटी आलेलं उचलून बाहेर टाकते एवढंच. उलट आता ऑफिसच्या आत घरच्या लॅपटॉपचा हात फक्त दोन मशीनपर्यंत पोचणार, आधी तो अख्ख्या नेटवर्कला शिवत होता. मोठ्या कंपन्यासुद्धा हे करतात, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेलं की टीम्सचे कॉल व्हीपीएनमधून फिरवू नका, सरळ सोडा, आणि त्यासाठी त्यांनी आपले ठरलेले पत्ते जाहीर केलेले आहेत. व्हिडिओवाले तसं करत नाहीत म्हणून तर तुमची यादीची आयडिया चालत नाही.

पण एक अट. गिऱ्हाईक कंपनीशी ड्रॉइंगबिईंगचा गुप्ततेचा करार असेल आणि त्यात दूरून काम करताना सगळं ट्रॅफिक कंपनीच्या नेटवर्कमधूनच जावं असं लिहिलेलं असेल तर जी माणसं ती ड्रॉइंग हाताळतात त्यांचं स्प्लिट करू नका, त्यांना जुनंच ठेवा. दोन-तीन जणच असतील. कागद मालकांकडून मागून घेऊन वाचा, कुणाच्या तोंडी आठवणीवर जाऊ नका. आणि हे वाचणाऱ्यांत कुणी पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीत नोकरीला असेल तर त्यांनी कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतःहून हे करू नये, तिथं ही ओळ आयटीवाल्यांची असते, त्यांना तिकीट टाका.

शेवटचं काम सर्व्हरवर. ही ओळ माणसाच्या लॅपटॉपवर आहे, म्हणजे उद्या कुणी हौशी पोरगा परत `0.0.0.0/0` लिहू शकतो आणि तुमची लाईन परत भरणार. म्हणून पेटीवरच बंद करा. आधी `sudo wg-quick down wg0` मारा, म्हणजे जुना नियम निघून जातो. मग तुमच्या `wg0.conf` मध्ये `iptables -A FORWARD -i wg0 -j ACCEPT` अशी ओळ असेल, तिच्या जागी हे घाला, तिसऱ्या ओळीत तुमच्या पोर्टलचा पत्ता, पोर्टल नसेल तर ती ओळ नको:

```
PostUp = iptables -A FORWARD -i wg0 -d 192.168.1.10 -j ACCEPT
PostUp = iptables -A FORWARD -i wg0 -d 192.168.1.11 -j ACCEPT
PostUp = iptables -A FORWARD -i wg0 -d 203.0.113.25 -j ACCEPT
PostUp = iptables -A FORWARD -i wg0 -j DROP
```

`MASQUERADE` ची जी ओळ आहे ती तशीच राहू दे, तिच्यामुळेच सर्व्हरची उत्तरं परत येतात. `PostDown` मध्ये याच ओळी `-A` च्या जागी `-D` करून लिहा, नाहीतर दर रीस्टार्टला नियमांवर नियम चढत जातील. झालं की `sudo wg-quick up wg0`. आणि हे सगळ्यांत शेवटी करा, बाराच्या बारा लॅपटॉप नव्या फाईलवर आल्यावरच, कारण यानंतर जुनं `office-full` लावलं की टॅली आधीसारखं चालेल पण त्या माणसाचं बाकी सगळं इंटरनेट बंद पडेल. करारवाली दोन-तीन माणसं जुन्यावर ठेवणार असाल तर त्यांच्या टनेलच्या पत्त्यांसाठी `DROP` च्या वर एकेक ओळ घाला, `PostUp = iptables -A FORWARD -i wg0 -s 10.66.0.4 -j ACCEPT` अशी. त्यानंतर कुणाचा फोन आला की टॅली चालतंय पण नेट मेलंय, तर लाईन तपासायला धावू नका, आधी त्याला त्याची `AllowedIPs` ची ओळ मोठ्याने वाचायला सांगा.